देऊळ एक, जागा तीन: फलकांच्या प्रकल्पातल्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

मंडळाच्या क्यूआर फलकांसाठी ठिकाणांची यादी आज हातात आली. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली मिळून ३८ ठिकाणं. देवळं, गढ्या, बारवा, एक-दोन किल्ले. फलकावरचा कोड मोबाइलनं स्कॅन केला की ठिकाणाची माहिती आणि नकाशा उघडायचा. माहिती लिहिण्याचं काम नानांकडे, अक्षांश-रेखांश माझ्याकडे. दिवसभर मोजणीचीच कामं करतो, त्यामुळे दोन संध्याकाळींत उरकेल असं मी छातीठोकपणे सांगून बसलो.

पद्धत सोपी ठेवली. दोन नकाशा सेवा उघडायच्या, दोन्हींतून आकडे घ्यायचे, जुळले की पुढे जायचं. एकाला ‘अ’ म्हणतो, तो बहुतेकांच्या मोबाइलवर असतो. दुसरा ‘ब’, त्यात लोकच उपग्रह चित्रावरून रस्ते-इमारती गिरवतात. सपाटीवरची बहुतेक ठिकाणं पाच-सहा मीटरच्या आत जुळली. फलकाला तेवढं पुष्कळ झालं.

अडलं ते चाळीसगावच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. पाटणादेवीपासून फार लांब नाही, अशाच एका खोऱ्यात महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. ‘अ’वरचा बिंदू ‘ब’वरच्या बिंदूपेक्षा अक्षांशात ०.०००२८ अंश कमी आणि रेखांशात ०.०००५० अंश जास्त. आपल्याकडे, म्हणजे साधारण २०.३ अंश उत्तरेला, अक्षांशातला ०.०००१ अंश म्हणजे ११ मीटर आणि रेखांशातला तेवढाच म्हणजे १०.४ मीटर. हिशेब केला तर ‘अ’चा बिंदू ३१ मीटर दक्षिणेला, ५२ मीटर पूर्वेला. सरळ रेषेत ६१ मीटर.

पहिला संशय आकडे कापले जाण्यावर. कोणी अंश-कला-विकला अशा रूपात लिहून पूर्ण विकलांवर थांबलं, तर तिथेच पंधरा मीटरपर्यंत गडबड होते. चारच दशांश ठेवले तर पाच-सहा मीटरची. पण दोन्हीकडे सहा-सहा दशांश होते. म्हणजे रोग वेगळा आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

आज कळलं की कालचे ६१ मीटर हा एका गोष्टीतला फरक नाहीच.

दोन्ही नकाशांवर उपग्रह चित्र चालू केलं आणि पिनकडे दुर्लक्ष करून आधी देऊळ शोधलं. ‘अ’ची पिन देवळावर नाही. ती खाली गाड्या लावायच्या जागेपाशी, कमानीवर आहे. कोणीतरी तिथे पोचल्यावर मोबाइलवरून ठिकाण जोडलं असणार, नाहीतर गाडी जिथे थांबते तेच ‘ठिकाण’ धरलं असणार. ‘ब’मध्ये कोणीतरी देवळाची बाह्यरेषा गिरवली आहे आणि बिंदू तिच्या मध्यावर पडतो. एकाचा बिंदू कमान दाखवतो, दुसऱ्याचा गाभारा. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत.

तेव्हा पिन बाजूला. दोन्ही चित्रांत ओळखता येईल असा एकच बिंदू हवा. शिखर घेतलं नाही, कारण उंच वस्तूचा शेंडा चित्रात एका बाजूला कललेला असतो. देवळाच्या जोत्याचा ईशान्य कोपरा घेतला. तो जमिनीलगत आहे, धार सरळ आहे आणि सकाळच्या सावलीतही दिसतो. कर्सर नेऊन दोन्हीकडचे आकडे पाच-पाच वेळा वाचले, सरासरी काढली.

‘अ’च्या चित्रात तो कोपरा ‘ब’पेक्षा २५ मीटर पूर्वेला आणि ३ मीटर उत्तरेला आहे. म्हणजे ६१ मीटरांतला मोठा वाटा कमान आणि देऊळ यांच्यातल्या अंतराचा, तो समजला. हे उरलेले २५ मीटर मात्र चित्रांचे आहेत. तोच दगड, दोन जागी.

१४ नोव्हेंबर

भाचा म्हणतो, “मामा, सरकार मुद्दाम सरकवतं. यूट्यूबवर पाहिलं मी.” त्यानं पाहिलं ते चीनबद्दलचं असणार. तिथे GCJ-02 नावाची पद्धत कायद्यानं लागू आहे. तीत खऱ्या अक्षांश-रेखांशांना वेडीवाकडी सरक दिली जाते आणि नकाशे त्यावरच छापावे लागतात. तिथला फरक शेकडो मीटरांचा असतो. भारतात असं काही नाही. १५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आडव्या अचूकतेसाठी १ मीटरची मर्यादा आहे, पण ती परदेशी कंपन्यांनी त्याहून बारीक माहिती तयार करण्याबद्दल आहे. २५ मीटरांशी तिचा संबंध येत नाही.

शिवाय मुद्दाम सरकवलं असतं तर चाळीसगाव शहरातही सरकलं असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

नानांनी तिसरी जागा काढून दिली. नाना भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेत, पण टोपोशीटची गुंडाळी अजून घरात कपाटावर आहे. जुनी १:५०,०००ची शीट. त्यांनी भिंगातून देवळाची खूण शोधली, पट्टीनं मोजून अक्षांश-रेखांश काढले आणि चिठ्ठीवर लिहून दिले. वर म्हणाले, “तुमचे हे नकाशे कालचे आलेले. सर्वे ऑफ इंडियाची शीट आहे ही.”

चिठ्ठीवरचे आकडे तसेच ‘ब’मध्ये टाकले. बिंदू आग्नेयेला, देवळापासून सव्वाशे मीटर दूर, नाल्यापलीकडच्या कपाशीत. नानांचा चेहरा पाहवेना.

पण शीट चुकीची नाही, मोजमापाचा पाया वेगळा आहे. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेल्या आहेत. पृथ्वीचा हा आकार १८३०च्या सुमारास मांडला गेला आणि तो भारताच्या जमिनीला चांगला चिकटावा म्हणून मध्य प्रदेशातल्या कल्याणपूर इथून जुळवलेला आहे. मोबाइल आणि जालावरचे नकाशे WGS84 वापरतात, त्याचं केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावर. दोन्हींची केंद्रं काही शे मीटर वेगळी आहेत, म्हणून एकाच दगडाला दोन वेगळे आकडे मिळतात. cs2cs या संगणकावरच्या आज्ञेनं रूपांतर असं:

```
cs2cs +proj=longlat +a=6377301.243 +rf=300.8017 \
  +towgs84=295,736,257 +to +proj=longlat +datum=WGS84
```

खानदेशात याचा परिणाम साधारण असा होतो की खरा बिंदू शीटवरच्या आकड्यांच्या ८५-९० मीटर उत्तरेला आणि ९५ मीटरच्या आसपास पश्चिमेला येतो. कोणाच्या यादीतलं ठिकाण एकदम सव्वाशे मीटर आग्नेयेला पडलेलं दिसलं, तर ते आकडे जुन्या शीटवरून उतरवलेत असं मी यापुढे डोळे झाकून धरणार. २००५च्या नकाशा धोरणानंतरची सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशांची खुली मालिका WGS84वरच आहे, तिला हे लागू नाही.

रूपांतर केल्यावर नानांचा बिंदू सुतासारखा खोऱ्यात आला आणि ‘अ’ व ‘ब’च्या कोपऱ्यांच्या मधोमध पडला. नाना खूश. पण या बिंदूवरून निवाडा करता येत नाही. १:५०,०००च्या शीटवर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक आणि आपला वाद तेवढाच.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो, सुटी आहे. दुपारी घरीच सपाटीवरची तपासणी उरकली.

गेल्या वर्षी चाळीसगाव तालुक्यात एका शेतरस्त्याच्या मोजणीत आम्ही उपग्रहांवरून बारीक मोजणी करणाऱ्या डीजीपीएस यंत्रानं दोन पक्के बिंदू घेतले होते. एक पुलाच्या कठड्याचा कोपरा, दुसरा विहिरीच्या चौकोनी ओट्याचा. दोन्ही उघड्यावर, दोन्ही चित्रांत स्पष्ट. ‘अ’चं चित्र या बिंदूंपासून ३ मीटर सरकलेलं आहे, ‘ब’चं २ मीटर. डोंगरापासून हे बिंदू जेमतेम पंधरा किलोमीटरवर.

यातून बरंच काही बाद झालं. पायाभूत प्रणालीची चूक असती तर ती पंधरा किलोमीटरांत नाहीशी होत नाही, सगळीकडे सारखी राहते. प्रक्षेपणाचंही तेच. भारताचा भूपट्ट वर्षाला पाचेक सेंटिमीटर ईशान्येला सरकतो, त्याचे वीस वर्षांत मीटरभर होतात, पण तोही सगळ्या तालुक्याला घेऊन सरकतो. इथे सरक फक्त डोंगरात आहे. कारणही डोंगरातच असणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला निघालो. उपग्रहांवरून अचूक जागा मोजणारं मित्राचं जीएनएसएस यंत्र उसनं, ट्रायपॉड, ३० मीटरचा टेप आणि भाचा.

खोऱ्यात तिन्ही बाजूंनी कडे आहेत आणि देवळाला लागून मोठा वड. मोबाइलला रेंज नाही, म्हणजे कॉर्सचं, कायम एका जागी बसवलेल्या मोजणी केंद्राचं, करेक्शन जागेवरच घेणं शक्य नाही. आधी गंमत म्हणून मोबाइल जोत्याच्या कोपऱ्यावर ठेवला. अ‍ॅपमध्ये ‘अचूकता ४ मी.’ आणि दहा मिनिटांत बिंदू इकडून तिकडे १८ मीटर फिरला. उपग्रहाचा संदेश सरळ न येता कड्यावर, दगडी भिंतीवर आपटून येतो. वाट लांबते, पण मोबाइलला ते कळत नाही आणि तो आत्मविश्वासानं चारच मीटर सांगत राहतो. वर नकाशाचं अ‍ॅप आपला निळा ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून चिकटवतं. ‘मी तिथे उभा होतो आणि ठिपका इथे होता’ हा पुरावा अशा ठिकाणी कोणी दिला, तर मी तो घेणार नाही.

यंत्रही वडाखाली लावण्यात अर्थ नव्हता. देवळापुढे शेताच्या बाजूला जरा मोकळं मैदान आहे, तिथून आकाशाचा बराच भाग दिसतो. तिथे एकमेकांपासून २२ मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. प्रत्येकीवर यंत्र ८० मिनिटं स्थिर ठेवलं. मग दोन्ही खुंट्यांपासून जोत्याच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंत टेप ओढला: २६.४० आणि १९.८५ मीटर. दोन जाणत्या बिंदूंभोवती या त्रिज्यांची वर्तुळं काढली की ती दोन ठिकाणी छेदतात, त्यातलं एक देवळाच्या बाजूला, दुसरं शेतात. कोणतं आपलं ते डोळ्यांना दिसतंच. वडाखाली यंत्र न नेता कोपरा मिळाला.

यंत्र नुसतं उभं आहे आणि आम्ही सावलीत बसलोय हे पाहून पुजारीबाबा आले. “काय मोजी ऱ्हायनात भाऊ?” मी सांगितलं की बाबा, एका नकाशात देव इकडे आहे, दुसऱ्यात पंचवीस मीटर तिकडे. ते हसले. “देव कथा जाई? आठेच शे.” मग म्हणाले, मोबाइल पाहत पाहत एक गाडी थेट नाल्यात उतरली होती, बैल लावून काढावी लागली. ती कशानं उतरली असेल त्याचा अंदाज मला आहे, पण ते नंतर.

दुपारी बाबांच्या घरचं भरीत आणि कळण्याची भाकरी. भाच्यानं चार खाल्ल्या.

परतताना पायथ्याच्या गावात थांबून तिथल्या पाण्याच्या उंच टाकीची उंची कोन आणि अंतर मोजून काढली. १८ मीटर. ती का हवी होती ते पुढे.

२७ नोव्हेंबर

सर्वे ऑफ इंडियाच्या जवळच्या कॉर्स स्टेशनची त्या दिवशीची रिनेक्स फाइल, म्हणजे केंद्रानं टिपलेल्या उपग्रह संदेशांची नोंद, उतरवली आणि रात्री गणित चालवलं. दोन्ही खुंट्या काही सेंटिमीटरांत पक्क्या बसल्या. पडताळा म्हणून गणितातलं दोन खुंट्यांमधलं अंतर टेपच्या २२ मीटरांशी ताडलं, ३ सेंटिमीटरचा फरक. कोपरा मी दहा सेंटिमीटरांत धरतो. वादाच्या मानानं हे सोनं आहे.

आता निकाल. ‘अ’च्या चित्रातला कोपरा खऱ्या कोपऱ्यापासून १२ मीटर पूर्वेला, १ मीटर उत्तरेला. ‘ब’च्या चित्रातला १३ मीटर पश्चिमेला, २ मीटर दक्षिणेला.

दोन्ही चूक. आणि जवळजवळ सारखीच चूक, विरुद्ध दिशांना. मला मनातून ‘ब’ जिंकायला हवा होता, कारण तो आपल्या लोकांनी गिरवलेला. नाना मात्र फोनवर बराच वेळ हसले. त्यांच्या शीटवरचा बिंदू मधोमध पडला होता ना.

१ डिसेंबर, रविवार

पूर्व-पश्चिम अशी एकमेकांच्या आरशात पाहावी तशी सरक का, यावर आजचा दिवस गेला.

उपग्रह बहुतेक वेळा अगदी डोक्यावरून फोटो घेत नाही, तिरकं पाहून घेतो. तिरक्या फोटोचा सपाट नकाशा करायचा तर प्रत्येक ठिकाणच्या जमिनीची उंची ठाऊक असावी लागते. ती उंचीच्या जाळीतून, म्हणजे डीईएममधून घेतात. समजा उपग्रह पूर्वेला आहे आणि खोऱ्याचा तळ डीईएममध्ये खऱ्यापेक्षा उंच नोंदला आहे. मग पूर्वेकडून तिरकी खाली येणारी दृष्टिरेषा खऱ्या तळापर्यंत पोचण्याआधीच त्या खोट्या, उंच जमिनीला लागते. ती जिथे लागते तिथे देऊळ मांडलं जातं, म्हणजे खऱ्या जागेच्या पूर्वेला. देऊळ उपग्रहाच्या दिशेनं सरकतं. किती, ते एका ओळीत:

```
d = Δh × tan θ
```

Δh म्हणजे उंचीतली चूक आणि θ म्हणजे उभ्या रेषेपासून नजर किती तिरपी होती तो कोन. सपाटीवर Δh दोन-चार मीटर, म्हणून सरक नगण्य. खोऱ्यात ती फुगते.

आधी Δh. सर्वांना मोफत मिळणारा डीईएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून अकरा दिवसांत रडारनं घेतलेला SRTM. त्याची चौकट साधारण ३० मीटरची. अरुंद खोऱ्यात एकाच चौकटीत तळही येतो, कड्याचा पायाही आणि झाडांचे शेंडेही. सरासरी निघते ती तळापेक्षा वर. QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये देवळाच्या जागी SRTMची उंची ४३९ मीटर आली. माझ्या यंत्राची जमिनीवरची उंची ३५२.

क्षणभर वाटलं, ८७ मीटरची चूक सापडली! चहा ठेवायला उठलो आणि तिथेच चूक लक्षात आली. यंत्र उंची मोजतं ती WGS84च्या गुळगुळीत लंबगोलापासून, SRTM मोजतो ती समुद्रसपाटीपासून. भारताखाली गुरुत्व कमी असल्यानं समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे, आपल्या भागात साठेक मीटर. ३५२ मध्ये ते ६० मिळवले की ४१२. खरी चूक ४३९ वजा ४१२, म्हणजे २७ मीटर.

ही साठची मेख चित्र तयार करणाऱ्यालाही अडवू शकते. उपग्रह चित्राबरोबर येणारी गणितं लंबगोलावरची उंची मागतात. तिथे कोणी समुद्रसपाटीवरची उंची तशीच दिली, तर २५ अंशांच्या तिरप्या नजरेला चित्र २८ मीटर सरकतं. पण ते सपाटीवरही सरकलं असतं. २० तारखेचा पूल आणि विहीर साक्षीला असल्यानं इथे ते झालेलं नाही हे सांगता येतं.

आता θ. जालावरच्या चित्रावर कोन लिहिलेला नसतो, म्हणून टाकी. सपाटीवरच्या टाकीचा पाया योग्य जागी असतो, शेंडा मात्र उपग्रहाच्या उलट दिशेला कललेला दिसतो. पायापासून शेंडा किती लांब गेला त्याला उंचीनं भागलं की tan θ मिळतो. गावापासून खोऱ्यापर्यंत चित्रात कुठे जोड नाही, रंग बदलत नाही, सावल्यांची दिशा बदलत नाही, हे आधी पाहून घेतलं. जोड असता तर टाकीचा कोन देवळाला लावता आला नसता.

‘अ’च्या चित्रात टाकीचा शेंडा पश्चिमेला ७.४ मीटर गेला आहे. १८नं भागून ०.४१. उपग्रह पूर्वेला होता. देऊळ पूर्वेला सरकायला हवं, २७ × ०.४१ = ११ मीटर. मोजलेली सरक १२.

‘ब’च्या चित्रात शेंडा पूर्वेला ९ मीटर. १८नं भागून ०.५०. उपग्रह पश्चिमेला. देऊळ पश्चिमेला १३.५ मीटर सरकायला हवं. मोजलेली सरक १३.

वहीवर दोनदा अधोरेखित केलं आणि नानांना फोन लावला. त्यांना tan θ सांगावा लागला नाही. ते म्हणाले, “म्हणजे विहिरीत डोकावल्यासारखं. या काठावरून बघितलं तर बादली एकीकडे दिसते, त्या काठावरून दुसरीकडे. आणि विहीर किती खोल ते कोणी विचारलंच नाही.” माझ्या पानभर स्पष्टीकरणापेक्षा हे बरं आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

८ डिसेंबर, रविवार

मंडळाची बैठक. “मग कुठला नकाशा खरा धरायचा ते एका वाक्यात सांग,” असं अध्यक्ष म्हणाले. एका वाक्यात मला सांगता आलं नाही, पण ठरलं ते असं.

सपाटीवर कोणताही चालेल. फक्त पिन घ्यायची नाही, चित्रातली वस्तू पाहायची. डोंगरातल्या सात ठिकाणी दोन्ही चित्रं ताडायची, त्यांत ८ मीटरच्या वर फरक आला तर कोणावरच विश्वास न ठेवता जाऊन मोजायचं. दोन्ही जुळली तरी शंका राहतेच, कारण दोन्ही कंपन्यांनी एकाच बाजूनं घेतलेलं चित्र आणि एकच डीईएम वापरला असेल तर चूकही जुळते. दोन साक्षीदार एकाच ओट्यावर बसलेले असले तर ती एकच साक्ष. म्हणून टाक्या, मनोरे यांचा कल पाहायचा. दोन चित्रांत कल उलट दिशांना असूनही जागा जुळत असेल, तर ती जुळणी खरी.

दुसरं, प्रत्येक ठिकाणाला दोन बिंदू द्यायचे. एक वास्तूचा, एक गाडी थांबते तिथला. कोडमधून रस्ता उघडेल तो दुसऱ्या बिंदूकडे. ‘अ’च्या कमानीवरच्या पिनला मी पहिल्या दिवशी नावं ठेवली होती, पण गाडीवाल्याला हवी असते ती कमानच.

आणि एक गोष्ट मी तीनदा सांगितली: एकाच चित्रातल्या वस्तूंची आपसातली जागा बहुतेक बरोबर असते, कारण त्या एकत्र सरकलेल्या असतात. बिघडतं ते मिसळलं की. ‘ब’मध्ये देऊळ एका चित्रावरून गिरवलंय आणि खालचा कच्चा रस्ता कोणीतरी आधीच्या चित्रावरून. परिणामी नकाशातला रस्ता नाल्याच्या अलीकडे आहे आणि जमिनीवरचा पलीकडे. पुजारीबाबांची ती गाडी याच रेषेवरून गेली असणार असं मला वाटतं.

रात्री ‘ब’मध्ये दुरुस्ती केली. गिरवण्याआधी पार्श्वभूमीचं चित्र १३ मीटर पूर्वेला, २ मीटर उत्तरेला ओढून माझ्या मोजलेल्या कोपऱ्यावर बसवलं आणि मग देऊळ व रस्ता दोन्ही पुन्हा गिरवले. ही ओढ फक्त खोऱ्याच्या तळापुरती. वरच्या पठारावर तेच चित्र वेगळं सरकलेलं असणार, म्हणून तिथलं काही हलवलं नाही. बदलाच्या टिपणीत मोजणीची पद्धत आणि तारीख लिहिली, नाहीतर पुढचा कोणी भला माणूस चित्राशी जुळत नाही म्हणून देऊळ परत नाल्याकडे ढकलेल.

२२ डिसेंबर, रविवार

फलकाचा मजकूर छापायला जाण्याआधी सगळे दुवे एकदा उघडून पाहिले. ‘अ’नं आमच्या खोऱ्याचं चित्र बदललंय. आधीचं उन्हाळ्यातलं, पिवळं होतं, हे पावसाळ्यानंतरचं हिरवं आहे. जोत्याचा कोपरा आता खऱ्या जागेपासून ४ मीटर पश्चिमेला आहे. टाकी जवळजवळ सरळ उभी दिसते, म्हणजे या वेळी उपग्रह बराचसा डोक्यावर होता. पिन मात्र जुन्याच आकड्यांवर आहे, त्यामुळे ती आता कमानीवर नाही, कपाशीच्या बांधावर पडते. पिन जागची हलली नाही, खालची जमीन सरकली.

आमचे बिंदू मोजलेले असल्यानं त्यांना काही झालं नाही. यादीत एक रकाना वाढवला: चित्र पाहिल्याची तारीख. भाच्यानं विचारलं, हा रकाना कोण वाचणार? मी म्हटलं, मीच, पुढच्या वर्षी.

डोंगरातली सहा ठिकाणं उरलीत. पण पुढच्या रविवारी आधी फरकांड्याला जायचंय. सपाटीवरचं काम आहे, तरी दोन नकाशांत सात मीटरांचा फरक येतो. झुलत्या मनोऱ्याचा एकानं पाया धरला असणार, दुसऱ्यानं शेंडा.